"व्हेंडर हाय आमच्याकडं": मच्छेतल्या एका कूलंटच्या गिऱ्हाइकाचं प्रकरण

मी उद्यमबागमधून कूलंट, कटिंग ऑइल, स्लाइडवे ऑइल असला माल वर्कशॉपना देतो. कूलंट म्हणजे मशीनवर धातू कापताना थंड ठेवायला पाण्यात कालवून वापरायचं तेल. बेळगावात हा धंदा करायचा म्हणजे एक वाक्य रोज ऐकायला मिळतं, "व्हेंडर हाय आमच्याकडं". फोनवर, गेटवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, मराठीत, कन्नडमध्ये, सगळीकडं तेच. या वाक्याला पुढं काय उत्तर द्यायचं यावर मी बरीच वर्षं चुकत आलो आणि एका गिऱ्हाइकाच्या वेळी थोडं नीट जमलं, ते सगळं जसं झालं तसं लिहितोय.

गिऱ्हाईक मच्छेतलं. मशीन शॉप, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी करतात, कास्ट आयर्न म्हणजे सीआयचं काम, सीएनसी आणि व्हीएमसी मिळून बावीस मशीन, दोन शिफ्ट. परचेस आणि स्टोअर दोन्ही एकच साहेब बघतात, पन्नाशीचे, खानापूरकडचे, बोलायला कमी पण एकदा बोलले की सरळ बोलणारे. मी त्यांना जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, की आम्ही उद्यमबागचे, कूलंट सप्लाय करतो, रेट आणि सॅम्पल पाठवू का. अर्ध्या तासानं उत्तर आलं: "कूलंटचा व्हेंडर हाय आमच्याकडं. सध्या गरज नाही."

माझ्या बोटांनी लगेच जे टाइप केलं ते असं होतं, "सर एकदा आमचा रेट तर बघा, चालू रेटपेक्षा दहा टक्के कमी करून देतो, क्वालिटीची गॅरंटी". पाठवायच्या आधी थांबलो, कारण याच वाक्यानं दोन वर्षांपूर्वी होनग्यातल्या एका शॉपमध्ये मला चांगलाच फटका दिला होता. तिथं पण व्हेंडर होता, मी आठ टक्के कमी कोटेशन दिलं, चार दिवसांनी फोन आला की जुन्या व्हेंडरनं तोच रेट मान्य केला, त्यामुळं आता राहू दे. माझं कोटेशन जुन्या माणसासमोर ठेवून त्याचा रेट खाली आणला गेला, ऑर्डर त्यालाच गेली, आणि बाजारात माझा कमीत कमी रेट काय आहे ते सगळ्यांना कळून बसलं. त्यात गिऱ्हाइकाची चूक नाही, परचेसचा माणूस पैसे वाचवणारच. चूक माझी, कारण मी दुसरं काही न देता फक्त रेटच हातात दिला, आणि नुसत्या रेटचा उपयोग घासाघीस करायलाच होतो.

तर मेसेज पुसला आणि आधी या वाक्याचा अर्थ काय लागतो ते बघायला बसलो.

"व्हेंडर हाय" हा नकार आहे असं आपण धरतो, पण त्यात पहिली माहिती ही आहे की यांना हा माल लागतो, यासाठी पैसे बाजूला आहेत आणि कुणाला तरी ते दर महिन्याला दिले जातात. ज्याच्याकडं व्हेंडरच नाही त्याला आधी कूलंट का लागतं तेच पटवायला लागतं, हे त्यापेक्षा पुढचं गिऱ्हाईक आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की "हाय" म्हणजे कसा हाय. कधी तो रेट कॉन्ट्रॅक्टनं बांधलेला असतो, मग समोरचा बहुतेक मुदत पण बोलून जातो, "मार्चपर्यंत हाय बाबा", आणि अशा वेळी फेब्रुवारीत परत विचारायचं, मधल्या काळात त्याला छळायचं नाही. कधी तो मालकांचा पाहुणा असतो, ते तुम्हाला मेसेजमधून कधीच कळणार नाही, आजूबाजूला चौकशी केली की कळतं आणि कळलं की तिथनं निघायचं, त्या घरात आपलं काम नाही. कधी माणूस खरंच खूश असतो. आणि पुष्कळदा यातलं काहीच नसतं, दिवसाला आठ-दहा जण काहीतरी विकायला येतात म्हणून तोंडात बसलेलं वाक्य असतं ते. फोनवर तुमचं बोलणं संपायच्या आधीच "हाय हाय, व्हेंडर हाय" आलं किंवा कन्नडमध्ये "ब्याडरी", म्हणजे नको, आलं तर समजायचं की त्यानं ऐकलेलंच नाही. आणि "नोडूणरी" आलं म्हणून खूश व्हायचं नाही, बघूया म्हणणारा बहुतेक बघत नाही, तो फक्त तुमचं मन राखतोय.

या साहेबांच्या उत्तरात दोन गोष्टी मला वेगळ्या वाटल्या. अर्ध्या तासानं उत्तर दिलं, म्हणजे वाचून दिलं. आणि "सध्या" हा शब्द. "सध्या"वर फार मोठी इमारत बांधू नये हे खरं, पण "नको" आणि "सध्या गरज नाही" यात फरक असतोच की.

आता मोह होतो तो विचारायचा, की कोण व्हेंडर आहे, काय रेट लागतो, तुम्ही खूश आहात का. हे तिन्ही प्रश्न मी आयुष्यात शंभरदा विचारलेत आणि एकदाही कामाचं उत्तर मिळालेलं नाही. कोण आणि किती हे परक्याला कुणी का सांगावं. आणि खूश आहात का विचारलं की माणूस होयच म्हणणार, कारण तो व्हेंडर त्यानंच निवडलाय, नाही म्हटलं तर स्वतःचीच निवड चुकली असं होतं. त्यातही तो जुन्या व्हेंडरची बाजू घेऊन दोन वाक्यं बोलला की स्वतःच्या बोलण्यानं स्वतःलाच पक्का करून घेतो, म्हणजे आपल्या प्रश्नानं आपणच दार लावलं.

दुसरी एक गोष्ट आपण विक्रीवाले विसरतो. नवा व्हेंडर घेणं हे त्या साहेबांसाठी काम आहे. व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म, जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, कॅन्सल्ड चेक, कूलंट असेल तर त्याची टेक्निकल डेटा शीट आणि सेफ्टी डेटा शीट, मग ट्रायल, ट्रायलचा रिपोर्ट, क्वालिटीची सही, त्यानंतर अप्रूव्ह्ड लिस्टमध्ये नाव. ऑटोमोबाइलचं काम करणाऱ्या शॉपमध्ये ऑडिटर ही लिस्ट बघतो. एवढं करून कूलंट बिघडलं आणि बॉडीवर गंज आला तर शिव्या कुणाला, तर ज्यानं व्हेंडर बदलला त्याला. जुन्या व्हेंडरच्या मालात गंज आला तर तो मालाचा प्रॉब्लेम असतो, नव्याच्या मालात आला तर तो परचेसच्या माणसाचा प्रॉब्लेम होतो. दहा टक्के कमी रेटमधले पैसे कंपनीला जाणार आणि रिस्क त्याच्या डोक्यावर. मग तो का बदलेल? मी त्याच्या जागी असतो तर मी पण नसतं बदललं.

म्हणून ठरवलं की बदला असं म्हणायचंच नाही. चालू व्हेंडर जिथं कमी पडू शकतो अशी एकच जागा शोधायची, त्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा, आणि तोही असा की उत्तर एका आकड्यात देता येईल.

जागा मला माहीत होती. मच्छेच्या त्या गेटवर मी दोनदा एमएच ०९ ची पिकअप बॅरल उतरवताना बघितली होती, म्हणजे माल कोल्हापूरकडून येत होता. आता आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता दिवसच्या दिवस बंद होता. शिरोलीच्या एमआयडीसीतनं बेळगावला यायचं तर पंचगंगा ओलांडावीच लागते. त्या दिवसांत उद्यमबागेत किती जणांचा माल पलीकडं अडकला होता ते मी बघितलंय. इथं एक काळजी घ्यायची, चालू व्हेंडर वाईट आहे असं यातनं निघता कामा नये, आणि तसं ते नव्हतंच, नदीला पूर येणं हा काही त्याचा दोष नाही. आपला माल सहा-सात किलोमीटरवर आहे आणि त्याचा शंभरावर, एवढाच फरक, आणि तो फरक खरा होता.

मी पाठवलेला मेसेज जसाच्या तसा:

"बरं झालं सर स्पष्ट सांगितलंत. चालू व्हेंडर बदला असं मी म्हणत नाही. एकच विचारतो, पावसाळ्यात कोल्हापूरचा रस्ता बंद पडला तर तुमच्या स्टोअरला कूलंट किती दिवस पुरतं? तीन आठवडे पुरत असेल तर माझी गरज नाही, मी परत मेसेज करणार नाही. कमी असेल तर एका मशीनपुरता दुसरा सोर्स म्हणून बोलू. नुसता आकडा सांगितला तरी चालेल."

यात तीन आठवडे हा आकडा उगाच टाकलेला नाही, त्यामागं हिशोब आहे. बावीस मशीन, प्रत्येकीच्या टाकीत कमी झालेलं भरायला दिवसाला साधारण वीस लिटर टॉप-अप धरलं तर ४४० लिटर पाणी-कूलंटचं मिश्रण लागतं. टॉप-अप तीन टक्क्यांचं धरलं तर दिवसाला तेरा लिटरच्या आसपास मूळ कूलंट जातं, म्हणजे २१० लिटरचं एक बॅरल सोळा दिवस. महिन्यातनं एक-दोन टाक्या साफ करून नव्यानं भरतात ते वेगळं. तर ज्याच्याकडं नेहमी एक भरलेलं बॅरल शिल्लक आणि एक चालू असतं त्याला पुरामुळं फार काही होत नाही, मला पण तिथं दुसऱ्या सोर्सची भीती घालायचं कारण नाही. ज्याच्याकडं फक्त चालू बॅरल आहे आणि ते अर्ध्यावर आलंय त्याला आठवडाभर रस्ता बंद झाला की खरी अडचण. गिऱ्हाइकाला हा हिशोब मेसेजमध्ये दिला नाही, लांब झाला असता. पण तो केल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, कारण समोरचा माणूस रोज तेच बॅरल बघतोय, आपण हवेत बोललो तर त्याला लगेच कळतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: "एक चालू एक शिल्लक असतंय. तीन आठवडे भागतंय."

खरं सांगतो, मला हे उत्तर नको होतं. आणि इथंच या प्रकरणात पुढं जे झालं त्याचं मूळ आहे असं मला आता वाटतं. तीन आठवडे असेल तर मेसेज करणार नाही असं मी लिहून बसलो होतो. लगेच मनात दुसरे मुद्दे तयार व्हायला लागले, की बरं मग क्रेडिट किती दिवसांचं देतात, सर्व्हिसला माणूस येतो का, वगैरे. ते केलं असतं तर माझा पहिला प्रश्न हा प्रश्न नव्हता, फक्त आत शिरायचा डाव होता असं सिद्ध झालं असतं. मी लिहिलं, "मग तुमची सोय बरोबर आहे सर, माझी गरज नाही. कधी कूलंटला वास मारला किंवा जॉबवर गंज आला तर फोन करा, रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो आणि रीडिंग घेऊन देतो, कूलंट कुणाचं का असेना. त्याचे पैसे नाहीत." आणि खरंच मेसेज केला नाही. सणावाराची चित्रं, प्रॉडक्टचे फोटो, काही नाही.

सात आठवडे गेले. मार्चच्या मध्यात, ऊन तापायला लागलेलं, साहेबांचाच फोन. "ओ, तुम्ही ते मीटर घेऊन येतो म्हणालता न्हवं, येतासा काय? बॉडीवर लाल डाग याय लागल्यात, रात्री काढलेल्या जॉबवर सकाळी."

दुपारी गेलो. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे वीतभर लांब दुर्बिणीसारखं साधन, हातातलं साधं दीड-दोन हजारात मिळतं, काचेवर कूलंटचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून रेघ वाचायची. पण रेघेवरचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे, प्रत्येक कूलंटचा एक फॅक्टर असतो, डेटा शीटवर लिहिलेला, त्यानं गुणायचं. त्यांच्या कूलंटचा फॅक्टर दीड होता आणि सीआयला पाच टक्के ठेवा असं शीटवर लिहिलेलं होतं. सहा मशीन तपासल्या. तीन मशीनवर रेघ १.४ च्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर. दोन मशीन साडेतीन टक्के. आणि एक व्हीएमसी बरोबर पाचच्या थोडी वर, तिच्यावर एकही डाग नाही. त्या मशीनवरचे काका जुने, ते स्वतः बादलीत कालवून मग टाकीत ओततात. बाकीच्या मशीनवर रात्रीच्या शिफ्टला पोरं पाण्याची नळीच टाकीत सोडतात.

इथं जरा खोलात सांगतो, कारण माझा सगळा निर्णय यावर होता. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि तेल मागं राहतं, म्हणून काही जण म्हणतात की नुसतं पाणी टाकलं तरी चालतं. एक-दोन दिवस चालतं. पण चिप, म्हणजे कापून निघालेला चुरा, आणि जॉब मशीनमधनं बाहेर जाताना प्रत्येक वेळी थोडं कूलंट अंगावर घेऊन जातात, ते पाणी आणि तेल दोन्ही नेतात. त्यामुळं रोज नुसतं पाणी टाकलं तर टक्केवारी घसरतच जाते, आणि सीआयला तीनच्या खाली गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणजे बॅरल तेच, पाणी तेच बोअरचं, गंज मात्र फक्त तिथंच जिथं नळी सोडली जाते. दोष कूलंटचा नव्हता. जुन्या व्हेंडरचा तर अजिबात नव्हता.

आता माझ्या हातात संधी होती असं कुणीही म्हणेल. जॉबवर गंज, साहेब वैतागलेले, "तुमचं कूलंट हलकं आहे सर, आमचं घालून बघा" एवढंच म्हणायचं होतं. आणि माझं कूलंट नव्यानं, टाकी धुऊन, बरोबर टक्केवारीनं घातलं असतं तर महिनाभर गंज आला पण नसता, सगळ्यांना वाटलं असतं कूलंटच चांगलं. दोन महिन्यांनी रात्रीच्या नळीनं तेच केलं असतं माझ्या कूलंटचं, आणि मग मी गेलो असतो. शिवाय ते खोटं झालं असतं. मी रीडिंगचा कागद केला, सहा मशीन, सहा आकडे, तारीख, खाली लिहिलं की कूलंट ठीक आहे, टॉप-अप चुकतंय, टॉप-अप बादलीत तीन टक्के कालवून करा, पाण्यात कूलंट ओता, कूलंटमध्ये पाणी ओतू नका, नाहीतर नीट मिसळत नाही. ज्या टाक्या दोनवर आल्यात त्यांना सुरुवातीला दाट मिश्रण टाकून पाचवर आणा.

साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग तू विकणार काय?" तुम्हीचा तू झाला होता, आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाचा तू म्हणजे जवळ घेतल्याची खूण.

मी म्हटलं, "आज काय नाही सर."

जाताना स्टोअरमधनं गेलो. एक चालू, एक शिल्लक म्हणाले होते ते कागदावरचं. प्रत्यक्षात शिल्लक बॅरल उघडलेलं होतं आणि चालू म्हणायचं ते पाव भरलेलं. मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, स्टोअरचा पोरगाच साहेबांना म्हणाला की दुसरं कालच फोडलं, ऑर्डर अजून गेली नाही. साहेब गप्प. हा प्रकार सगळीकडं असतो, कागदावर तीन आठवडे आणि जमिनीवर त्यापेक्षा कमी, पण तो बाहेरच्या माणसानं दाखवून द्यायचा नसतो, त्याला त्याच्याच माणसांसमोर खाली बघायला लागतं.

मे महिन्यात त्यांनी बोलावलं. पावसाळ्याच्या आधी एक जवळचा सोर्स असावा असं त्यांच्या मनात आलेलं, मी जानेवारीत विचारलेला प्रश्न त्यांनी स्वतःचा म्हणून मला सांगितला, आणि मी पण तो पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकला. फॉर्म दिला, कागद जोडले.

दुसरा सोर्स म्हणजे अडचणीच्या वेळी माझं बॅरल आणून त्यांच्या टाक्यांत ओतायचं, असं कूलंटमध्ये चालत नाही, हे तेव्हाच सांगितलं. दोन कंपन्यांची कूलंट एका टाकीत मिसळली तर मिश्रण फाटू शकतं, वर साय येते, खाली नुसतं पाणी राहतं. म्हणून दुसरा सोर्स खरा पाहिजे तर एक मशीन कायम त्याच्या कूलंटवर चालली पाहिजे, म्हणजे आपल्या पाण्याला ते कसं वागतं हे माहीत राहतं, अप्रूव्हल जिवंत राहतं, आणि रस्ता बंद झालाच तर ज्या टाक्या साफ करायला आल्यात त्या एकेक करून आपल्या कूलंटवर घेता येतात. हा सगळा मुद्दा आधी सांगितला म्हणून माझी पहिली ऑर्डर लहान झाली. पण पुरात घाईनं बॅरल मागवून बावीस टाक्या फाटल्या असत्या तर त्याला जबाबदार मी असतो.

जूनमध्ये एक व्हीएमसी दिली, नळीवाल्यांपैकीच. टाकी रिकामी केली, एक शिफ्ट क्लीनर फिरवला, धुतली, २०० लिटरला सहा टक्क्यांनी बारा लिटर कूलंट. पंचेचाळीस दिवस रोजचं रीडिंग वहीत, आठवड्याला पीएच, आणि फिल्टर पेपरवर सीआयची चिप ठेवून गंजाची टेस्ट. विसाव्या दिवशी वर साय दिसली. शेजारच्या मशीनची बादली कुणीतरी हिच्यात ओतली होती. मी तोच फोटो साहेबांना पाठवला, लपवला असता तर चाळीसाव्या दिवशी ते माझ्या कूलंटच्या नावावर गेलं असतं. टाकी परत भरली माझ्या खर्चानं आणि त्या मशीनला पिवळी बादली ठेवली, बाकी सगळ्या निळ्या.

आज तिथं चार मशीन माझ्या कूलंटवर आहेत आणि अठरा जुन्या व्हेंडरच्या. ते अठराच राहतील असं धरून मी चालतो. रेट माझा त्याच्यापेक्षा कमी नाही, साहेबांनी तो कधी त्याच्या रेटशी ताडून माझ्यासमोर ठेवला पण नाही. जुन्या व्हेंडरचा माणूस एकदा गेटवर भेटला, कोल्हापूरचाच, चहा घेतला दोघांनी, तो म्हणाला गंजाची तक्रार बंद झाली त्यांची, बरं झालं.

अशाच रीतीनं मी त्यानंतर बऱ्याच जणांना उत्तर दिलंय. काकतीतल्या एका फौंड्रीला मी पुराचा प्रश्न विचारला तर त्यांचा व्हेंडर उद्यमबागचाच निघाला, माझ्या दोन गल्ल्या पलीकडचा, मग माझ्या प्रश्नाला अर्थच राहिला नाही, माफी मागून विषय सोडला. त्यामुळं आता मेसेज टाकायच्या आधी त्या गेटवर कुठल्या पासिंगची गाडी येते ते दोन-तीनदा बघून घेतो. निपाणीकडच्या एकांनी तर उत्तरच दिलं नाही, मी पण परत विचारलं नाही.

मच्छेच्या साहेबांना पुढचं बॅरल सोमवारी द्यायचंय. वहीतली रीडिंग बघायला मी दर पंधरा दिवसांनी जातो, बावीसच्या बावीस मशीनची घेतो.